मधोमध कोणीच नाही

१९५० साली अमेरिकन हवाई दलाने ४,०६३ माणसांची मापं घेतली. काम ओहायोतल्या राइट-पॅटरसन तळाच्या प्रयोगशाळेचं होतं आणि हेतू अगदी व्यावहारिक होता. उड्डाणाचे कपडे आणि साधनं कोणत्या मापाची बनवायची हे ठरवायचं होतं. प्रत्येकाची उंची, घेर, हातापायांची लांबी अशी शंभराहून जास्त मापं नोंदली गेली. गिल्बर्ट डॅनियल्स हा तिथला तरुण अधिकारी. सगळे जण 'सरासरी वैमानिका'बद्दल बोलत असताना त्याला एक साधा प्रश्न पडला: या चार हजारांत असा सरासरी माणूस आहे तरी कुठे?

त्याने दहा मापं निवडली, कपडे शिवताना लागणारी. 'सरासरी' ठरवताना तो कंजूष नव्हता. सरासरीचा नेमका आकडा त्याने मागितला नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडली, इतकी की कोणत्याही एका मापात साधारण पाव माणसं त्या पट्ट्यात बसावीत. मग एकामागून एक चाळण्या लावाव्यात तसं त्याने केलं. उंचीच्या पहिल्या चाळणीतून १,०५५ जण उतरले. त्यांच्यापैकी छातीच्या घेरातही सरासरी असणारे निघाले ३०२. त्यांच्यात बाहीची लांबी सरासरी असणारे १४३. पायांच्या उंचीनंतर उरले ७३, धडाच्या घेरानंतर २८, नितंबांच्या घेरानंतर १२. गळ्यानंतर सहा, कंबरेनंतर तीन, मांडीच्या घेरानंतर दोन. दहावं माप होतं पुढच्या कंबरेपासून दोन पायांमधून मागच्या कंबरेपर्यंतचं. त्या चाळणीतून कोणीच उतरलं नाही.

ही गोष्ट पुढे बरीच गाजली आणि बहुतेक ठिकाणी तिच्यातून 'कोणीच सरासरी नसतो, प्रत्येक जण वेगळा' असं तात्पर्य काढलं गेलं. ते ऐकायला गोड आहे, पण खरी गंमत त्यात नाही. माणसं वेगळी आहेत म्हणून मध्य रिकामा पडला असं समजलं, तर कडेला कुठेतरी गर्दी असेल असं वाटतं. तशी ती नाही. दहा मापांच्या या अवकाशात मध्याएवढ्याच आकाराचा दुसरा कोणताही तुकडा उचला, उदाहरणार्थ दहाही मापांत बेताने थोराड असलेल्यांचा. तिथे माणूस सापडण्याची शक्यता मध्यापेक्षाही कमी आहे. घनतेच्या हिशेबाने मध्य हाच सगळ्यांत दाट भाग. सगळ्यांत दाट, आणि तरीही रिकामा. डॅनियल्सचा तक्ता नीट पाहायचा तो याचसाठी.

आधी सोपा गुणाकार करून पाहू. पहिल्या चाळणीतून सुमारे २६ टक्के माणसं उतरली. दहाही मापं एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली असती, तर दर चाळणीला उरलेल्यांपैकी २६ टक्केच पुढे गेले असते. ०.२६ ला स्वतःशी दहा वेळा गुणलं की उत्तर येतं साधारण सात लाखांत एक. चार हजारांत असा माणूस मिळणारच नव्हता. तो हवा असेल, तर सात लाखांची पलटण रांगेत उभी करायला हवी होती. एका मापात पाव भाग म्हणजे पुष्कळ. दहा मापांत तोच पाव भाग जवळजवळ शून्य. प्रत्येक अटीचा पट्टा तेवढाच रुंद आहे, कोणीही निकष कडक केलेला नाही. फक्त रकाने वाढले.

याच अडचणीला १९५७ साली रिचर्ड बेलमन या गणितज्ञाने नाव दिलं, त्याला आपण 'मितींचा शाप' म्हणू. बेलमन रँड कॉर्पोरेशनमध्ये काम करत होता आणि त्याचा विषय होता टप्प्याटप्प्याने घ्यायचे निर्णय: साठा किती ठेवायचा, यंत्र कधी बदलायचं, विमान कोणत्या मार्गाने चढवायचं. त्याची पद्धत अशी, की परिस्थितीच्या प्रत्येक शक्यतेसाठी उत्तम निर्णय काढून तक्त्यात लिहून ठेवायचा. परिस्थिती एका आकड्याने सांगता येत असेल आणि त्या आकड्याच्या दहा पायऱ्या केल्या, तर तक्त्यात दहा घरं. दोन आकड्यांना शंभर, तीनांना हजार. दहा आकडे झाले की एक हजार कोटी घरं. तेव्हाच्या संगणकांना हे झेपणं शक्यच नव्हतं. आजचा संगणक कदाचित दहा झेपवेल, पण वीस आकडे दिले की तोही हात टेकेल.

बेलमनची चिंता घरं भरण्याच्या कष्टांची होती. आकडेवारीतून काही शिकू पाहणाऱ्याची चिंता जरा वेगळी, पण बीज तेच. डॅनियल्सच्या दहा मापांच्या दहा-दहा पायऱ्या करा आणि ४,०६३ माणसं त्या हजार कोटी घरांत बसवा. प्रत्येकाला स्वतंत्र घर दिलं तरी साधारण साडेचोवीस लाख घरांमागे एक घर भरतं. आणि एखाद्या घराबद्दल काही सांगायचं, म्हणजे 'या बांध्याच्या माणसाला कोणतं आसन सोयीचं', तर त्या घरात किंवा शेजारच्या घरांत कोणीतरी असायला हवं. नेमकं तेच नाही. चार हजार माणसांचा नमुना एका मापासाठी भरपूर, दोनांसाठी उत्तम आणि दहांसाठी वाळवंटात फेकलेल्या मूठभर खड्यांइतका असतो.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे शेजार थोडा मोठा करणं. अगदी सारखा माणूस मिळत नाही ना, मग साधारण सारखे चाळीस जण घ्या आणि त्यांच्यावरून अंदाज बांधा. चाळीस म्हणजे या नमुन्याचा एक टक्का. माणसं सगळीकडे सारखी पसरली आहेत असं हिशेबापुरतं धरू. एकच माप असेल, तर एक टक्का माणसं गोळा करायला त्या मापाच्या एकूण पल्ल्याचा एक टक्का पुरतो. दोन मापं असली तर प्रत्येकाचा दहा टक्के पल्ला लागतो, कारण दशांश गुणिले दशांश म्हणजे शतांश. तीन मापांना साडेएकवीस टक्के. दहा मापांना ६३ टक्के. समजा उंचीचा पल्ला १६० ते १९० सेंटिमीटर आहे. दहा मापांत तुमचे 'जवळचे' चाळीस जण शोधायचे, तर उंचीत १९ सेंटिमीटरचा पट्टा मोकळा सोडावा लागेल, आणि इतर नऊ मापांतही तेवढीच ढिलाई द्यावी लागेल. म्हणजे हाताशी येणारे चाळीस जण तुमच्यासारखे नसतात, ते कसेही असतात. शंभर मापं असतील तर हा पट्टा साडेपंचाण्णव टक्के होतो. त्याला शेजार म्हणणं धाडसाचंच.

आतापर्यंत पट्ट्यांचं आणि घरांचं बोललो. पण व्यवहारात संगणक घरं मोजत नाही, तो अंतर मोजतो. दोन माणसांची प्रत्येक मापातली तफावत घ्यायची, तिचा वर्ग करायचा, सगळ्या वर्गांची बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. शाळेतला पायथागोरसच, फक्त दोन बाजूंऐवजी हव्या तितक्या. उंची सेंटिमीटरमध्ये आणि वजन किलोमध्ये असल्याने दोन्ही एका तराजूत यावीत म्हणून प्रत्येक मापाचं एकक बदलून घेतात: त्या मापात माणसं सरासरीपासून सामान्यतः जितकी इकडेतिकडे असतात तेवढं अंतर म्हणजे एक. याला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात. मग 'माझ्यासारखा रुग्ण कोण', 'या गाण्यासारखं गाणं कोणतं', 'हा व्यवहार नेहमीच्यांपेक्षा किती लांबचा' असे प्रश्न अंतर मोजून सोडवता येतात. निदान तशी आशा असते.

आता मापं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरून, यदृच्छया निवडलेल्या दोन माणसांमधलं अंतर किती येतं ते पाहू. दोन मापं असतील तर सरासरी अंतर १.८ च्या आसपास आणि त्यात वर-खाली होण्याचा अवकाश साधारण ०.९. म्हणजे काही जोड्या अगदी खेटून, काही खूप लांब. दहा मापांना सरासरी होते सुमारे ४.४ आणि चढउतार साधारण १. शंभर मापांना सरासरी १४.१, चढउतार १. दहा हजार मापांना सरासरी १४१, आणि चढउतार अजूनही १.

सरासरी मापांच्या संख्येच्या वर्गमुळाने वाढत जाते आणि तिच्याभोवतीचा फरक मात्र तिथेच थांबतो. कारण समजायला अवघड नाही. अंतराचा वर्ग म्हणजे शेकडो छोट्या आकड्यांची बेरीज. एखाद्या मापात दोघांत फार तफावत निघते, दुसऱ्यात जवळजवळ नसते, आणि मापं पुष्कळ असली की हे कमीजास्त एकमेकांना फेडून टाकतं. बेरीज प्रत्येक जोडीसाठी जवळपास सारखीच येते. सगळ्या मापांत योगायोगाने एकदम जुळणारी जोडी निघायला जो नशिबाचा डोंगर लागतो, तो चार हजार माणसांत काय, चार अब्जांतही मिळत नाही.

याचा परिणाम असा. चार हजार माणसांत दोन मापांवर तुमच्या सर्वांत जवळचा माणूस तुमच्यापासून काही शतांश अंतरावर असतो आणि सर्वांत लांबचा चार-पाचच्या अंतरावर. दोघांत शंभर पटींचा फरक. दहा हजार स्वतंत्र मापांवर जवळचा पडतो १३८ च्या आसपास आणि लांबचा १४४ च्या. फरक चार-पाच टक्क्यांचा. संगणक तरीही निष्ठेने 'सर्वांत जवळचा' काढून देईल, कारण किमान आकडा कुठल्याही यादीत असतोच. पण मापात थोडी चूक झाली किंवा एखादा रकाना बदलला, की तो मान दुसऱ्याच कोणाला मिळतो. १९९९ साली केविन बेयर, जोनाथन गोल्डस्टीन, रघु रामकृष्णन आणि उरी शाफ्ट यांनी नेमका हाच प्रश्न शोधनिबंधात मांडला: जवळचा शेजारी हा शब्द कधी अर्थपूर्ण असतो? बऱ्याच व्यापक अटींखाली मिती वाढल्या की जवळचं आणि लांबचं अंतर एकमेकांच्या बरोबरीला येतं हे त्यांनी सिद्ध केलं आणि त्यासाठी हजारो मिती लागत नाहीत, दहा-पंधरालाच परिणाम दिसू लागतो असंही दाखवलं.

मध्याचं कोडंही इथेच सुटतं. मध्यापासूनचं अंतर हीसुद्धा अशीच बेरीज. शंभर मापं असतील तर जवळजवळ प्रत्येक माणूस मध्यापासून दहाच्या आसपास असतो, नऊ ते अकराच्या सालीत. मध्याजवळची घनता जास्त आहे खरी, पण तिथे जागाच अत्यल्प आहे. त्रिज्या दुप्पट केली तर वर्तुळाचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि चेंडूचं आकारमान आठपट. शंभर मितींत तेच २ चा शंभरावा घात पट होतं, म्हणजे तीस अंकांहून मोठी संख्या. घनता बाहेर जाताना घटते, जागा त्याहून प्रचंड वेगाने वाढते. दोघांचा गुणाकार ज्या सालीत सर्वांत मोठा, तिथे सगळी माणसं.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग मापं कमी घ्यावीत हेच बरं. घाई नको. एक छोटं उदाहरण आकड्यांनिशी करून पाहू. दोन आजारांचे रुग्ण आहेत आणि त्यांच्यात एकाच रकान्यात ठळक फरक आहे, चार एककांचा. बाकी रकाने निव्वळ गोंधळ. एकूण दहा रकाने असतील तर एकाच आजाराच्या दोन रुग्णांमधल्या अंतराचा वर्ग सरासरी २० येतो, वेगवेगळ्या आजारांच्या दोघांत ३६, आणि आपोआप होणारा चढउतार सुमारे ९. फरक दिसतो. शंभर रकाने घ्या: २०० आणि २१६, चढउतार २८. फरक आता गोंधळाच्या आत गेला. हजार रकाने: २,००० आणि २,०१६, चढउतार ८९. खूण तिथेच आहे, तितकीच ठळक आहे, पण ९९९ निरुपयोगी रकान्यांच्या कोलाहलात तिला कोणी विचारत नाही.

आता उलट करा. ठळक रकाना नाहीच, पण हजारही रकान्यांत दोन आजारांत थोडा-थोडा फरक आहे, फक्त अर्ध्या एककाचा. एकेका रकान्याकडे पाहून कोणताही डॉक्टर काही सांगू शकणार नाही. पण अर्ध्याचा वर्ग पाव, आणि हजार पाव म्हणजे २५०. आता सरासरी २,००० आणि २,२५०, चढउतार तोच नव्वदीच्या घरातला. दोन आजार स्पष्ट वेगळे पडतात. हजार मितींनी इथे शाप दिला नाही, वरदान दिलं. रकाना नवं काही सांगतो की नुसती भर घालतो, यावर सगळं अवलंबून आहे. माझ्या मते 'मिती वाढल्या की अंतर निरर्थक होतं' हे वाक्य जितक्या सरसकट फेकलं जातं तितकं ते खरं नाही. बेयर आणि मंडळींनीही आपल्या निबंधात हे अपवाद स्वतःच नोंदवले होते: आकडेवारीत खरे घोळके असतील, किंवा पुष्कळ रकाने मुळात थोड्याच गोष्टींवर अवलंबून असतील, तर शेजारी अर्थपूर्ण राहतो.

हा दुसरा अपवाद डॅनियल्सच्या तक्त्यातच लपलेला आहे. मापं पूर्ण स्वतंत्र असती तर पाचव्या चाळणीनंतर पाचच माणसं उरायला हवी होती. उरली २८. छातीच्या घेराचा उंचीशी संबंध सैल, म्हणून तिथे उंचीत उतरलेल्यांपैकी २९ टक्केच पुढे गेले, स्वतंत्र असते तर गेले असते त्याहून जेमतेम जास्त. पण बाहीची लांबी उंचीच्या मागोमाग चालते. उंच माणसाचे हात लांब. तिथे ४७ टक्के पुढे गेले, आणि पायांच्या उंचीत ५१. हिशेब उलटा लावला, तर पहिली पाच मापं मिळून चारांपेक्षाही कमी स्वतंत्र मापांएवढी गळती करतात. नऊ मापांनंतर दोन माणसं उरली, ती जेमतेम साडेपाच स्वतंत्र मापांची गळती. दोन माणसांवर फार इमला उभारू नये हे मान्य, पण दिशा स्पष्ट आहे. माणसाच्या शरीराचे रकाने कितीही लिहा, ते लांबी आणि जाडी अशा थोड्याच दोऱ्यांवर नाचत असतात. तक्त्याची खरी मिती रकाने मोजून कळत नाही.

ती कळायला एक सोपी युक्ती आहे आणि ती कोणत्याही तक्त्यावर करता येते. प्रत्येक रकान्यातले आकडे स्वतंत्रपणे पिसून टाकायचे: एकाची उंची दुसऱ्याला, तिसऱ्याची बाही चौथ्याला. प्रत्येक रकाना स्वतःपुरता तसाच राहतो, पण रकान्यांमधलं नातं तुटतं. मग मूळ तक्त्यात जवळच्या आणि लांबच्या शेजाऱ्यात किती फरक होता आणि पिसलेल्यात किती उरला ते पाहायचं. दोन्हींकडे सारखंच चित्र असेल, तर तुमच्या तक्त्यातले शेजारी नावापुरते आहेत.

सगळ्यांत कठीण प्रसंग मात्र तेव्हा येतो, जेव्हा रकाने हजारो आणि माणसं मूठभर असतात. जनुकांच्या अभ्यासात हे नेहमीचंच. १९९९ साली टॉड गोलब, एरिक लँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या दोन प्रकारांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. एक प्रकार लिम्फोब्लास्टिक, दुसरा मायलॉइड. उपचार वेगळे असल्याने दोन्ही ओळखणं महत्त्वाचं. त्यांच्याकडे ३८ रुग्णांचे नमुने होते, २७ पहिल्या प्रकाराचे आणि ११ दुसऱ्याचे, आणि प्रत्येक नमुन्यात ६,८१७ जनुकं किती सक्रिय आहेत याची मोजणी. ३८ ओळी, ६,८१७ रकाने.

अशा तक्त्यात धोका काय असतो ते आणखी छोट्या तक्त्यावर लगेच दिसतं. समजा रुग्ण आठच आहेत, प्रत्येक प्रकाराचे चार, आणि जनुकांचा आजाराशी काहीएक संबंध नाही. एखाद्या जनुकाच्या आकड्यांप्रमाणे आठ जणांना रांगेत लावलं, तर एका प्रकाराचे चौघे निव्वळ योगायोगाने एका टोकाला येण्याची शक्यता ३५ मध्ये एक. ऐकायला बरीच कमी. पण ६,८१७ जनुकं तपासली तर अशी सुमारे १९५ सापडतील, प्रत्येक जण दोन्ही आजार शंभर टक्के अचूक वेगळे करणारा आणि प्रत्येक जण खोटा. ३८ रुग्णांना हा योगायोग इतका स्वस्त राहत नाही, पण रकाने एकत्र करायची मुभा दिली की पुन्हा तेच: ३८ बिंदू ३७ मितींत सर्वसाधारणपणे पसरलेले असतील, तर त्यांना मनाला येईल ती दोन नावं वाटा, त्यांच्यामधून सरळ भिंत नेहमीच घालता येते.

गोलब यांच्या गटाने हे ओळखून पावलं टाकली. आजारांची नावं रुग्णांत यदृच्छया वाटून, योगायोगाने किती जनुकं 'चांगली' दिसतात याची त्यांनी आधी मोजदाद केली. खऱ्या नावांनी त्याहून पुष्कळ जास्त, सुमारे १,१०० जनुकं उठून दिसली, म्हणजे इथे खरोखर काहीतरी होतं. मग ५० जनुकांवर निदानाची रीत बेतली. ती तपासताना एक रुग्ण बाजूला ठेवायचा, उरलेल्यांवरूनच रीत बनवायची, आणि मग त्या एकाचं निदान करायचं. अशा तऱ्हेने ३८ पैकी ३६ जणांचं निदान बरोबर आलं आणि दोघांबद्दल रीतीने मत दिलं नाही. शेवटी पूर्ण नव्या ३४ नमुन्यांवर ती लावली. २९ जणांबद्दल तिने ठाम मत दिलं आणि ती २९ ही बरोबर निघाली. पाच जणांबद्दल ती गप्प राहिली. मला या अभ्यासात ते गप्प राहणं फार आवडतं. इतक्या विरळ अवकाशात एखादा बिंदू कुठल्याच गटाजवळ नसणं अगदी स्वाभाविक आहे, आणि तसं म्हणण्याची सोय रीतीत ठेवलेली होती.

ही शिस्त एका ठिकाणी सुटली तर काय होतं, ते ट्रेव्हर हेस्टी, रॉबर्ट टिब्शिरानी आणि जेरोम फ्रीडमन यांनी आपल्या संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात एका प्रयोगाने दाखवलं आहे. त्यांनी ५० काल्पनिक नमुने घेतले, दोन सारखे गट केले आणि ५,००० रकाने निव्वळ यदृच्छ आकड्यांनी भरले. कोणत्याही रकान्याचा गटाशी काही संबंध नाही, तेव्हा कसलीही रीत लावली तरी निम्मी उत्तरं चुकायला हवीत. मग त्यांनी सगळे ५० नमुने पाहून गटांशी सर्वांत जास्त जुळणारे शंभर रकाने निवडले, आणि त्यानंतर काही नमुने बाजूला ठेवून, जवळचा शेजारी पाहून उरलेल्यांवरून त्यांचा गट ओळखण्याची नेहमीची तपासणी केली. चूक आली सरासरी तीन टक्के. पन्नासऐवजी तीन.

बाजूला ठेवलेले नमुने खरोखर बाजूला नव्हते. रकाने निवडताना त्यांची नावं वापरली गेली होती, आणि पाच हजारांतून शंभर निवडताना नेमके तेच रकाने वर आले होते ज्यांच्यात त्या नमुन्यांची नावं योगायोगाने उमटली होती. तपासणीच्या आत, दर वेळी बाजूला ठेवलेले नमुने न पाहता रकाने नव्याने निवडले, की चूक परत पन्नास टक्क्यांवर येते. एखाद्या अहवालात रकाने हजारो, माणसं पन्नास आणि अचूकता ९७ टक्के असं दिसलं, तर विचारण्यासारखा प्रश्न हाच: रकान्यांची निवड कधी झाली? उत्तर संदिग्ध असेल, तर ज्याच्याकडे तक्ता आहे त्याने गटांची नावं पिसून सगळी कृती पहिल्या पायरीपासून पुन्हा करावी, रकान्यांच्या निवडीसकट. पिसलेल्या नावांवरही ९७ टक्के आले, तर ते ९७ टक्के आजाराचे नाहीत, रकान्यांच्या संख्येचे आहेत.